पाच महिने आधी आलेला निरोप

मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४. सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने फोनवर ब्रोकरचं खातं उघडलं. आदल्या रात्री तिथे १४ हजार डॉलर रोख दिसत होते. आता त्याच जागी उणे ११ हजार! चष्मा लावून पुन्हा पाहिलं. उणेच होतं. आणि खाली, मी कधीही न घेतलेले एका कंपनीचे ५०० शेअर्स माझ्या नावावर निवांत बसले होते.

झालं काय होतं ते सांगतो. पण त्याआधी, पुट विकणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पुट विकणारा समोरच्याला शब्द देतो की, "अमुक तारखेपर्यंत तू म्हणशील तेव्हा तुझा शेअर मी ठरलेल्या भावाने घेईन." त्या शब्दाचे पैसे आधी मिळतात, तो प्रीमियम. ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक. शेअर स्ट्राइकच्या वर राहिला तर प्रीमियम आपला. खाली गेला तर शब्द पाळायचा.

मार्चमध्ये मी असे पाच करार विकले होते. दर करारात १०० शेअर्स, स्ट्राइक ५० डॉलर, मुदत १७ जानेवारी २०२५. शेअर तेव्हा ५२ ला होता. प्रीमियम मिळाला शेअरमागे ४ डॉलर ६० सेंट, म्हणजे एकूण २३०० डॉलर. शब्द पाळायची वेळ आलीच तर २५ हजार लागणार, हे मला माहीत होतं. खात्यात प्रीमियम धरून १४ हजार होते. उरलेले डिसेंबरच्या बोनसमधून येतील, तोवर कशाला चिंता, असा माझा हिशेब. शिवाय त्या १४ हजारांतलेच सहा हजार ऑगस्टअखेर मुलीच्या कॉलेजच्या फीला काढायचे, हेही ठरलेलं. तारीख जानेवारीची आहे ना!

जुलैच्या शेवटी कंपनीचे निकाल आले आणि शेअर कोसळला. १२ ऑगस्टला बाजार बंद होताना भाव होता ३१. आणि त्याच संध्याकाळी पुट धरून बसलेल्या कुणीतरी पाच महिने आधीच आपला हक्क बजावला. इथे अमेरिकेत शेअर्सवरची ऑप्शन्स मुदतीच्या आत कुठल्याही दिवशी बजावता येतात. शिकागोची ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन असे हक्क ब्रोकरांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटते, आणि ब्रोकर पुढे आपल्या ग्राहकांमध्ये. कधी पाचातले दोनच करार येतात, तीन मागे राहतात. माझे पाचही आले.

यातली गंमत (आता गंमत म्हणतो, तेव्हा घाम फुटला होता) अशी की, खरेदीची तारीख लागते सोमवारची, हक्क बजावला त्या दिवसाची. मे २०२४ पासून इथे व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरा होतो. म्हणजे मला कळलं मंगळवारी सकाळी आणि पैसे द्यायचेही मंगळवारीच. विचार करायला मध्ये रात्रसुद्धा नाही. खात्यात नव्हते ते ११ हजार ब्रोकरने माझ्या नावावर कर्ज म्हणून लिहून टाकले होते, साधारण १२ टक्के व्याजाने. त्यावर एक सूचना: ३२५० डॉलर भरा, नाहीतर शेअर्स विका, नाहीतर आम्ही विकू.

पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तोही ऑप्शन्समध्ये हात भाजून घेतलेला माणूस. तो म्हणाला, "दादा, असं कसं? मुदत तर जानेवारीची आहे. आमच्याकडे शेवटच्या दिवसाआधी कुणी असं दारात येत नाही." त्याचं बरोबर होतं. भारतात शेअर्सवरची ऑप्शन्स २०११ पासून युरोपियन पद्धतीची आहेत, ती मुदतीच्या दिवशीच बजावली जातात. अमेरिकेतही निर्देशांकावरची बरीचशी ऑप्शन्स तशीच असतात. पण शेअर्सवरची नाहीत. मला हे वाचून माहीत होतं. फक्त ते माझ्या बाबतीत होईल असं वाटलं नव्हतं.

"पण त्याला घाई कशाची? पाच महिने थांबला असता तर शेअर अजून पडला असता," भाऊ म्हणाला.

मलाही तोच प्रश्न पडला होता. उत्तर व्याजात निघालं. पुट बजावणाऱ्याला आज हातात ५० डॉलर मिळतात. थांबला तर ते १५८ दिवसांनी मिळणार. त्या ऑगस्टमध्ये रोख रकमेवर वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास व्याज सुटत होतं. ५० डॉलरवर १५८ दिवसांचं व्याज होतं साधारण एक डॉलर पंधरा सेंट. थांबण्याचा फायदा एकच: चुकून शेअर ५० च्या वर गेलाच, तर विकायला नको. या संधीची किंमत बाजारात उघड दिसते, ती म्हणजे त्याच स्ट्राइकच्या, त्याच मुदतीच्या कॉलचा भाव. तो होता ३० सेंट. तीस सेंटच्या आशेपायी सव्वा डॉलरचं व्याज कोण सोडेल? आपल्या पानवाल्यालासुद्धा हा हिशेब तोंडपाठ असेल.

दुसरी खूणही समोर होती. शेअर ३१ ला, म्हणजे पुटची अंगची किंमत १९. पण बाजारात पुट विकायला गेलात तर मिळत होते १८ डॉलर ८० सेंट. ज्याला बाहेर पडायचं होतं त्याला पुट विकण्यापेक्षा बाजारातून ३१ ला शेअर घेऊन माझ्या गळ्यात ५० ला मारणं २० सेंटनी फायद्याचं होतं. पुटला मिळणारा भाव त्याच्या अंगच्या किमतीखाली गेला, की समजावं, पाहुणा जोडे घालून निघालेला आहे. ही कंपनी लाभांश देत नव्हती. देत असती तर पुटवाला तो पदरात पाडून घेईपर्यंत बहुधा थांबला असता. ते निमित्तही इथे नव्हतं.

मग मी ज्याला बुडालो बुडालो म्हणत होतो तो हिशेब कागदावर मांडला. सोमवारी रात्री माझ्या डोक्यावर पाच पुटांचं देणं होतं: १९ गुणिले ५००, म्हणजे ९५०० डॉलर. त्यातून मिळालेला प्रीमियम २३०० वजा केला की तोटा ७२००. मंगळवारी सकाळी माझ्याकडे १५,५०० चे शेअर्स होते, आणि प्रीमियम वजा करून ते मला पडले होते २२,७०० ला. तोटा ७२००. एक सेंटचाही फरक नाही! असाइनमेंटने माझं काहीच नेलं नव्हतं. जे जायचं ते जुलैतच गेलं होतं.

हे कळल्यावर हुश्श व्हायला हवं होतं. झालं उलटंच. कारण मग लक्षात आलं की खात्यात दिसणाऱ्या १४ हजारांतले साडेनऊ हजार केव्हाच दुसऱ्याचे होते. माझे होते फक्त साडेचार हजार. मुलीच्या फीचे सहा हजार तिथे नव्हतेच. ते तिथे आहेत असं मी दोन आठवडे रोज बघत होतो, कारण ब्रोकर रोख रक्कम वर मोठ्या आकड्यात दाखवतो आणि पुटचं देणं खाली लहान, लाल अक्षरात. पुट उघडं असताना तारण लागत होतं १२,६००: पुटची किंमत साडेनऊ हजार, अधिक शेअर्सच्या भावाचे २० टक्के. ते कसंबसं भागत होतं, म्हणून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. शेअर्स प्रत्यक्ष अंगावर आल्यावर नियम बदलला. आता त्यांच्या बाजारभावाच्या निम्मे, म्हणजे ७७५० माझे स्वतःचे हवेत. होते ४५००. ती ३२५० ची सूचना इथून आली होती.

बाजार उघडायला अजून अडीच तास होते. बाजाराआधीच्या व्यवहारात विकता आले असते, पण तिथे घेणारे मोजके, भाव ३१ च्या बराच खाली. थांबलो. रस्ते तीन होते. बाहेरून पैसे आणून शेअर्स ठेवायचे. किंवा त्यातले ३०० विकून कर्ज १७०० वर आणायचं आणि २०० ठेवायचे. किंवा सगळे विकायचे. भाऊ म्हणाला, "दादा, पुन्हा तेच पुट विक, होतास तिथे येशील." खरं होतं, पण ज्या कारणाने आज कुणी दारात आलं, त्याच कारणाने उद्या दुसरा आला असता.

शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारला. आज माझ्याकडे हे शेअर्स नसते, तर १२ टक्क्यांनी कर्ज काढून मी ते ३१ ला घेतले असते का? उत्तर यायला चहा निवायच्या आत वेळ लागला नाही. साडेनऊला बाजार उघडला, पंधरा मिनिटं भाव स्थिरावू दिला आणि ३१ च्या मर्यादेने सगळे विकले. व्याज पडलं एका दिवसाचं, चार डॉलरच्या आत. करासाठी शेअरची खरेदी धरली जाते ४५ डॉलर ४० सेंट, म्हणजे स्ट्राइकमधून प्रीमियम वजा. विकून पुढच्या ३० दिवसांत तोच शेअर परत घेतला तर हा तोटा त्या घडीला धरता येत नाही, म्हणून त्या शेअरचं नावसुद्धा महिनाभर काढलं नाही.

फी भरली. दीड हजार घरखर्चाच्या खात्यातून, बाकीचे त्या उरलेल्या साडेचार हजारांतून. बायकोला सगळं सांगितलं. तिने आकडे शांतपणे ऐकले आणि एवढंच विचारलं, "जानेवारीची तारीख तू ठरवली होतीस की त्याने?"

या प्रश्नावर मी अजून विचार करतो. तारीख करारात लिहिलेली होती, आणि मी ती माझी समजत होतो. पण मी विकला होता तो जानेवारीतला एक दिवस नव्हता. तिथपर्यंतचा प्रत्येक दिवस मी विकला होता, २३०० डॉलरना. कधी यायचं ते ठरवण्याचा हक्क त्याचा, आणि प्रत्येक दिवशी २५ हजार तयार ठेवणं हे माझं काम. बोनसचा डिसेंबर त्या करारात कुठेच नव्हता.

पुट मी अजूनही विकतो, क्वचित. पण आता स्ट्राइकची पूर्ण रक्कम बाजूला काढून ठेवतो आणि तिला दुसरं कुठलंच काम सांगत नाही. आणि शेअर खूप खाली गेला की रोज त्याच स्ट्राइकच्या कॉलचा भाव बघतो. तो उरलेल्या दिवसांच्या व्याजापेक्षा कमी झाला, की पुट परत घ्यायचं की शेअर्स घ्यायला तयार राहायचं, ते त्याच संध्याकाळी ठरवतो. म्हणजे सकाळचा चहा तरी गरम पिता येतो.