नुसता लेख

शेतकी शाळेत चार वर्षं काढली की नातेवाइकांच्या लेखी माणूस कायमचा कृषी सल्लागार होतो. मी धुळ्यात राहतो, मामांची केळी रावेर तालुक्यात. पावसाळ्यात मामांकडून व्हॉट्सॲपवर लांबलचक लेख येतात. ‘अधिक वाचा’वर बोट ठेवत जावं, तर मजकूर संपता संपत नाही. खाली मामांची स्वतःची एक ओळ नसते. लेख मिळाला, पण हुकूम मिळाला नाही, अशी ती अवस्था असते.

अशा वेळी दोन गोष्टी सुचतात. एक, लेखाचा सारांश लिहून पाठवावा. दुसरी, ‘मामा, यात काय बघू?’ असं विचारावं. दोन्ही सोप्या आहेत आणि दोन्ही फसू शकतात.

एका ऑगस्टमध्ये आलेला लेख केळीवरच्या कुकुंबर मोझॅक व्हायरसवर होता. आपल्याकडे याला हरण्या रोग म्हणतात. त्यात विषाणूची माहिती होती, लक्षणं होती, मावा किडीमुळे होणारा प्रसार होता, आंतरपिकं होती, फवारण्या होत्या. सारांश करायचा तर या पाचही गोष्टींना दोन-दोन ओळी द्याव्या लागल्या असत्या. लेखाला न्याय मिळाला असता, मामांना मिळाला नसता. कारण लेखात फवारणीला जितकी जागा, तितकी तिची किंमत शेतात नाही. मावा रोगट झाडाचा रस चाखतो आणि थोड्याच वेळात शेजारच्या निरोगी झाडावर विषाणू सोडतो. औषध त्याला मारेपर्यंत काम झालेलं असतं. फवारणीने मावा कमी होतो, लागण झालेलं झाड बरं होत नाही. ते उपटून पुरणं किंवा जाळणं हाच उपाय. सारांशात ही गोष्ट पाचांतली एक म्हणून बसली असती आणि मामा पंप घेऊन शेतात गेले असते.

मग नुसतं विचारावं का? ‘काय हवंय?’ हा प्रश्न वडीलधाऱ्या माणसाला तुटक वाटतो. शिवाय त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतंच असं नाही. बागेत काहीतरी पिवळं दिसलंय, कुणीतरी लेख पाठवलाय, पोटात गोळा आलाय. त्यातून प्रश्न अजून तयार व्हायचा असतो. तो करून देणं हे वाचणाऱ्याचं काम.

म्हणून मी आधी तारीख पाहिली. जून-जुलैची मृगबाग म्हणजे झाडं कोवळी, आणि ढगाळ, दमट हवा हरण्याला मानवणारी. बागेत काहीतरी दिसलं असणार, हा अंदाज बऱ्यापैकी पक्का होता. मी लिहिलं: ‘मामा, राम राम. लेखाचा मुद्दा एवढाच, की रोगट झाड औषधाने बरं होत नाही, लगेच उपटावं लागतं. आपल्या बागेत दिसतंय का? पोंग्याजवळच्या पानाचा फोटो पाठवा, आणि लागवड कधीची ते सांगा.’

या दोन प्रश्नांवर पुढचं सगळं अवलंबून होतं. पिवळेपणा ओळीच्या ओळीत सारखा असेल तर अन्नद्रव्याची कमतरता किंवा तणनाशकाचा परिणाम असू शकतो. तिथे झाडं उपटायला सांगणं म्हणजे नसतं नुकसान. इकडे एक, तिकडे एक अशा झाडांवर शिरांच्या दिशेने पिवळे पट्टे आणि आखडलेलं नवं पान असेल तर संशय हरण्याचा. लागवडीला महिना-दोन महिनेच झाले असतील तर उपटलेल्या जागी नांग्या भरता येतात. बाग मोठी झाली असेल तर नवं रोप सावलीत मागे पडतं. मामांचा फोटो आला. पट्टे होते, झाडं विखुरलेली होती, बाग कोवळी होती. कडेला काकडीचे वेल होते. काकडीवर हा विषाणू राहतो आणि मावाही. रोगट झाडांबरोबर ते वेलही काढायचं ठरलं.

दरवेळी मात्र असा प्रश्न विचारत बसायला वेळ नसतो. गारपीट झालेल्या संध्याकाळी कुणी फळपीक विम्याचं लांब परिपत्रक पाठवलं, तर आधी विचारू नये. नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची असते, ही ओळ पहिल्यांदा पाठवावी, बाकीचं मागून. उशीर झाल्याने नुकसान होणार असेल तर आधी सांगावं. चुकीच्या अंदाजाने नुकसान होणार असेल तर आधी विचारावं. दोन्हीची भीती असेल तर एका ओळीत सांगून एका ओळीत विचारावं. प्रश्न असा, की समोरच्याला शेतात उभ्या उभ्या उत्तर देता यावं.

कधी कधी उत्तर येतं, ‘काही नाही रे, तू वाचावं म्हणून पाठवलं.’ तेव्हा सारांशाची गरज मामांना नव्हतीच. त्यांना वाचून झालेल्या गोष्टीवर बोलायला माणूस हवा होता. अशा लेखाला एकच उत्तर असतं: तो पूर्ण वाचायचा आणि फोन करायचा.