कागद कोणाच्या हातात आहे

टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत पोर्टलवर चढवायचा असतो. बडोद्यात त्याच्या आधी बहुतेक वर्षी गणपती येतात, मागोमाग श्राद्धपक्ष, आणि नवरात्राची लगबग. मकरपुरा जीआयडीसीतले शेठ या दिवसांत मेल वाचतात ते मोबाइलवर, दोन कामांच्या मधे. म्हणून राहिलेल्या कागदांचा मेल मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच पाठवतो. मजकूर गुजराती असतो, तारखा शेवटाकडून मागे मोजलेल्या.

मोजताना पाहायचं ते इतकंच, की कागद आत्ता कोणाच्या हातात आहे. बँकेचं स्टेटमेंट शेठ स्वतः काढू शकतात, त्याला उशिराची तारीख चालते. नातेवाइकाकडून घेतलेल्या कर्जाचं कन्फर्मेशन मात्र त्याच्या सहीशिवाय येत नाही, आणि तो राजकोटला असतो. ती ओळ सगळ्यांत वर.

‘मशीनचे कागद पाठवा’ असं लिहिलं की हमखास बिल येतं. समजा, बिल गेल्या १५ सप्टेंबरचं आहे आणि किंमत जीएसटी सोडून १२ लाख. आयकराच्या हिशेबात नेहमीचा घसारा १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. पण मशीन त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच, ९० हजार. साधारण वर्षात ही सीमा ३ ऑक्टोबरला पडते. बिलावर खरेदीचा दिवस असतो. मशीन बसवून चालू कधी झालं हे त्यावरून कळत नाही. म्हणून यादीतल्या ओळी अशा होतात:

१. कर्जाचं कन्फर्मेशन, देणाऱ्याची सही आणि पॅनसह: १८ ऑगस्ट.
२. सीएनसी मशीन. बिल मिळालं. चालू झाल्याची तारीख दाखवणारा इंजिनिअरचा सही केलेला रिपोर्ट हवा. नसेल तर त्यावर केलेल्या पहिल्या कामाचं चलन: २५ ऑगस्ट.
३. चालू खात्याचं मार्चचं स्टेटमेंट: ५ सप्टेंबर.

‘बिल मिळालं’ हे दोन शब्द मी कधी गाळत नाही. एकदा दिलेला कागद पुन्हा मागितला, की माणूस पुढची यादी नीट वाचत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

शेवटची ओळ कागदाची नसते: ‘तुमची डिजिटल सही कधीपर्यंत चालू आहे? १० सप्टेंबरपर्यंत कळवा.’ अहवाल मी चढवला तरी क्लायंटने पोर्टलवर स्वतः स्वीकारल्याशिवाय काम पुरं होत नाही. सहीची मुदत संपलेली असेल तर नवी काढताना व्हिडिओवर शेठच लागतात, ओटीपीही त्यांच्याच फोनवर येतो. अकाउंटंटला पाठवून भागत नाही. या एका ओळीसाठी मी मेल पाठवल्यावर फोनही करतो, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते गावात आहेत ना, हे तेव्हाच विचारून घेतो.