माणूस गेला, जागा राहिली

श्रावणातल्या एका शनिवारी देवदर्शन करून घरी आले, तर लेक संगणकापुढे सुन्न बसलेली. आदल्या रात्री पाठवलेली तिची मेल परत आली होती. वर लिहिलेलं होतं, Address not found. ज्या साहेबांनी दुसऱ्या मुलाखतीच्या शेवटी, "दहा दिवसांत पत्र येईल, तयारीला लागा," असं सांगितलं होतं, त्यांचा पत्ताच कंपनीतून पुसला गेला होता.

बाळासाठी तीन वर्षं घरी बसल्यानंतरचा तिचा हा पहिला अर्ज. कंपनी पुण्याची, काम ग्वाल्हेरहून घरी बसून करायचं. दोन मुलाखती झाल्या, तोंडी होकार मिळाला आणि मग अठरा दिवस काहीच नाही. इकडे गावातल्या एका शाळेने तिला नोकरी देऊ केली होती आणि पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पगार निम्मा, पण पत्र हातात. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला शब्द, आणि शब्द देणारा माणूस गेलेला.

हे म्हणाले, "साहेबांचा मोबाइल नंबर आहे ना, लावा फोन." लेक म्हणाली, "आता काय उपयोग, सगळं संपलं." मला दोन्ही पटेना. नणंदेची मुलगी पुण्यात नोकरभरतीचंच काम करते. तिला दुपारी फोन लावला.

तिने पहिलं विचारलं, "मामी, मुलाखतीचं बोलावणं कोणाच्या मेलवरून आलं होतं?" पाहिलं, तर ते साहेबांकडून नव्हतंच. भरती विभागातल्या एका बाईंकडून होतं, साहेबांना फक्त प्रत होती. "मग अर्ज त्या बाईंच्या हातात आहे," भाची म्हणाली. "साहेब माणूस पसंत करतात, पण जागेची फाइल भरती विभागाकडे असते. प्रत्येक जागेला एक क्रमांक असतो. अर्ज पोचल्याची जी मेल येते, त्यात तो सापडेल. साहेब गेले तरी क्रमांक तिथंच राहतो."

मला एकदम आमची यात्रा आठवली. एका तीर्थक्षेत्रावरच्या धर्मशाळेत मुनीमजींना फोन करून आम्ही चार खोल्या ठरवल्या होत्या. पोचलो तर मुनीमजी बदललेले. "त्यांनी कबूल केलं होतं," असं मी नव्या माणसाला तीनदा सांगितलं, तो तीनदा म्हणाला, "माताजी, वही में नहीं है." शेजारच्या बाईंनी फक्त पावतीचा नंबर दाखवला आणि किल्ली घेऊन गेल्या. नवा माणूस वाईट नव्हता. जुन्याच्या तोंडचं त्याला दिसत नव्हतं, वहीतलं दिसत होतं.

कंपनीच्या संकेतस्थळावर लेकीच्या अर्जापुढे Under Review असं लिहिलेलं होतं. तिला तेवढाच धीर वाटत होता. भाचीने तोही काढून घेतला, पण बरं केलं. ती म्हणाली, "ते अक्षर आपोआप बदलत नाही, कोणीतरी बदलावं लागतं. बदलणारा गेला की महिनोन्‌महिने तेच दिसतं. त्यावरून काही ठरवू नकोस."

लेकीने पत्राचा मसुदा केला, त्यात अर्धं पान गाऱ्हाणं होतं. सरांनी वचन दिलं, मी वाट पाहिली, मला कोणी कळवलं नाही. भाचीने ते सगळं खोडलं. साहेब का गेले हे विचारायचं नाही, त्यांच्याबद्दल बरं-वाईट लिहायचं नाही. तोंडी सांगितलेलं लिहायचं, पण हक्क म्हणून नव्हे, झालेली गोष्ट म्हणून. शेवटी इंग्रजीत जे पत्र गेलं, त्याचा आशय असा होता:

"अमुक क्रमांकाच्या जागेसाठी माझ्या दोन मुलाखती झाल्या, त्यांच्या तारखा अशा. दुसऱ्या मुलाखतीनंतर दहा दिवसांत निर्णय कळेल असं सांगण्यात आलं होतं. मुलाखत घेणारे अधिकारी आता कंपनीत नाहीत असं दिसतं. जागा अजून भरायची आहे का, निर्णय आता कोण घेणार आणि माझ्या दोन्ही मुलाखतींचे अभिप्राय नोंदलेले आहेत का, एवढं कृपया कळवावं. नव्या अधिकाऱ्यांना बोलायचं असल्यास माझी तयारी आहे. मला दुसऱ्या एका ठिकाणी अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे."

तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला नंतर समजलं. अभिप्राय लिहून ठेवला असेल, तर नवा अधिकारी तो वाचून अर्ध्या तासाच्या गप्पांत निर्णय घेऊ शकतो. साहेब तो डोक्यात घेऊन गेले असतील, तर मुलाखती पुन्हा पहिल्यापासून. त्याचा राग मानण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्याने आपल्याला पाहिलेलं नाही.

मेल सोमवारी सकाळी गेली, मुलाखतीच्या बोलावण्यालाच उत्तर म्हणून, म्हणजे मागचा सगळा पत्रव्यवहार खाली आपसूक राहिला. एरवी पाच कामाचे दिवस थांबावं, मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी. पण आमच्याकडे तारीख होती, म्हणून गुरुवारी लेकीने कंपनीच्या मुख्य क्रमांकावर फोन करून भरती विभाग मागितला. बाई भेटल्या नाहीत. तिने जागेचा क्रमांक आणि निरोप ठेवला. यांच्या समाधानासाठी जुन्या साहेबांनाही एकच संदेश पाठवला होता, नव्या कामाच्या शुभेच्छा आणि "माझ्या अर्जाबद्दल आता कोणाशी बोलावं?" त्यांचं उत्तर आलं, भरती विभागाशीच. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करूही नये. गेलेल्या माणसाला आतलं सांगता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी, आम्ही उजेडात जेवायला बसतच होतो, बाईंचं उत्तर आलं. अभिप्राय नोंदलेले होते आणि चांगले होते. पण साहेबांच्या जागी कोणी आलेलं नाही, तोवर त्या विभागातली भरती थांबवली आहे. किती दिवस, सांगता येत नाही.

लेकीचा चेहरा उतरला. भाची फोनवर म्हणाली, "हे 'नाही' नाही, पण 'हो'ही नाही. जाहिरात काढली असती तर जागा गेली असं समजायचं. तीच जागा नव्या क्रमांकाने परत लागली असती, तर पुन्हा अर्ज करायचा, कारण जुना अर्ज बहुधा नव्या क्रमांकाला जोडला जात नाही. थांबवली म्हणजे दर महिन्याला एकदा विचारायचं, आणि मधल्या काळात ती जागा नाहीच असं धरून जगायचं."

सोमवारी लेकीने शाळेला होकार कळवला. भरतीच्या बाईंनाही दोन ओळी लिहिल्या: उत्तराबद्दल आभार, मी सध्या दुसरीकडे रुजू होते आहे, जागा सुरू झाली तर कळवावं.

त्या अठरा दिवसांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर वाईट दिसेल, साहेबांना राग येईल. आपण बायका घरातही असंच गप्प राहतो. विचारल्याने नोकरी मिळाली नाही, पण शाळेची तारीख टळायच्या आत खरं काय ते कळलं. न विचारता ती साहेबांच्या शब्दावर बसून राहिली असती, तर कागदही हातचा गेला असता.

आता ती सकाळी साडेसातला बाळाला माझ्याकडे देऊन शाळेत जाते. जागेचा तो क्रमांक तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आठवण करते.