सोलरचं कोटेशन : आकडे कागदावरचे आणि आपल्या बिलावरचे

सध्या बारामती-इंदापूर भागात घरावर सोलर बसवायचं फॅड चांगलंच वाढलंय. गेल्या महिन्यात आमच्या दाजींकडं, म्हणजे भवानीनगरकडच्या, एक कोटेशन आलं. दाजींनी ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि म्हणाले, "बघ बरं जरा, सव्वादोन वर्षात पैसे वसूल म्हणतोय." त्याचा हिशोब कसा केला ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला तुमचा करता येईल.

कोटेशन असं होतं. ३ किलोवॅट, किंमत १,९५,०००. सबसिडी ७८,००० वजा जाऊन पडणार १,१७,०००. महिन्याला ३६० युनिट तयार होणार, युनिटला १२ रुपये धरून महिन्याला ४,३२० रुपये वाचणार. वर्षाला ५१,८४०. म्हणून सव्वादोन वर्षं.

आता यातलं खरं काय ते आधी सांगतो. सबसिडी बरोबर आहे. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. तिथं ७८,००० होतात आणि थांबतात. पाच किलोवॅट बसवलं तरी तेवढेच. युनिटही बरोबर आहेत. आपल्याकडं एक किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही, पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. ३ किलोवॅटला दिवसाला १२, महिन्याला ३६०.

घोळ आहे तो पुढं. ३६० युनिट तयार होतील, पण दाजींच्या घरात तेवढी वीज लागतेच कुठं? बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. ते बारा आकडे काढले. सगळ्यात कमी १५०, सगळ्यात जास्त २१५, वर्षाची बेरीज २,१६०. म्हणजे महिन्याला सरासरी १८० युनिट. जेवढं बिल येतं त्याच्यापेक्षा जास्त वाचणार कसं?

दुसरी गोष्ट दराची. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला दर कमी, १०१ ते ३०० ला जवळजवळ दुप्पट. वीज आकार, वहन आकार आणि वर लागणारं वीज शुल्क धरून दाजींच्या बिलावर पहिली १०० युनिट साधारण ७ रुपयांनी पडतात आणि पुढची १३ रुपयांनी. तर १८० युनिटचे झाले ७०० अधिक ८० गुणिले १३ म्हणजे १,०४०. एकूण १,७४०. स्थिर आकार वेगळा, आणि तो सोलर बसवलं तरी भरावाच लागतो. म्हणजे जास्तीत जास्त वाचणार महिन्याला १,७४०, वर्षाला २०,८८०. आता १,१७,००० ला २०,८८० नं भागा. साडेपाच वर्षांच्या वर जातं. सव्वादोन कुठं आणि साडेपाच कुठं!

उरलेल्या युनिटचं काय, असं कोणीही विचारेल. नेट मीटर बसलं की जास्तीची वीज महावितरणकडं जाते आणि पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होते. पण आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक राहील तिला आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. मी हिशोबात ती शून्य धरली. मिळाले तर चहापाण्याला.

मग दाजींना म्हटलं, त्याच माणसाकडून १ आणि २ किलोवॅटचाही भाव मागवा. आला. १ किलोवॅट ७५,००० आणि २ किलोवॅट १,३५,०००. सबसिडी वजा करून अनुक्रमे ४५,००० आणि ७५,००० पडतात. आता एकेक किलोवॅट वेगळा बघू.

पहिला किलोवॅट महिन्याला १२० युनिट देतो. ही युनिट बिलातून वरच्या टप्प्यातली आधी कमी होतात. म्हणजे ८० युनिट १३ रुपयांची आणि ४० युनिट ७ रुपयांची, एकूण १,३२० रुपये. वर्षाला १५,८४०. पंचेचाळीस हजार तीन वर्षांच्या आत वसूल.

दुसऱ्या किलोवॅटला वरून ३०,००० लागतात. त्याला वाचवायला उरली फक्त ६० युनिट, तीही ७ रुपयांची. महिन्याला ४२०, वर्षाला ५,०४०. म्हणजे हा किलोवॅट वसूल व्हायला सहा वर्षं. तिसऱ्याला आणखी ४२,००० लागतात आणि त्याची वीज दाजींच्या घरात वापरायला जागाच नाही. तो जवळजवळ फुकट गेला.

म्हणून दाजींना सांगितलं, तीन नको. दोन घेतलं तर एकूण साडेतीन-पावणेचार वर्षात पैसे निघतात, आणि पुढं घरात एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर आली तर तीच वीज कामी येते. ज्यांचा वापर ३०० च्या पुढं आहे त्यांनी मात्र तीनचा विचार जरूर करावा, कारण त्यांची वाचणारी युनिट महागातली असतात. आणि ज्यांचं बिलच शंभर युनिटच्या आत आहे त्यांना वाचतात ती सात रुपयांची युनिट, तिथं घाई करू नये.

किमतीबद्दल एक. सरकारनं सबसिडी ठरवताना पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० असा भाव धरलाय, म्हणजे तिघांचे १,४५,०००. दाजींना १,९५,००० सांगितले. वरचे पन्नास हजार कशाचे, ते विचारायचं. उंच स्ट्रक्चर असेल तर लोखंडाचा खर्च खरंच वाढतो, पण तो कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्यावा. पॅनल देशी बनावटीचे आहेत असंही लिहून घ्यावं, नाहीतर सबसिडी अडकते. आणि सबसिडी नंतर आपल्या खात्यावर येते, आधी पूर्ण रक्कम आपल्याला उभी करावी लागते. कर्ज काढलं तर व्याज हिशोबात धरा.

काहीजण शेतीपंपाचं बिलही यात वाचेल असं समजतात. घरावरचं सोलर घरच्या मीटरचं. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजनेत बिलच नाही, मग वाचणार काय?

अजून दोन गोष्टी आपल्या भागाच्या. बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच केलेला असतो. त्यामुळं जिथं दिवसा लाईट फार जाते तिथं दिवसाला ४ युनिट मिळणार नाहीत. दुसरं, गळीत हंगामात कारखान्याच्या जवळ राख उडते आणि ती पॅनलवर बसते. इन्व्हर्टरवर रोजची युनिट दिसतात. निरभ्र आकाश असून सलग तीन-चार दिवस आकडा आधीपेक्षा पडलेला दिसला तर सकाळी पॅनल गार असताना साध्या पाण्यानं धुवून घ्या. धुतल्यावर आकडा वर आला तर राखच होती. नाही आला तर सावली किंवा वायरिंग बघायला माणूस बोलवा.

कोटेशन आलं की आधी बिलावरचे बारा आकडे एका कागदावर लिहा. ते बघितल्याशिवाय सही करू नका.