तासाभराची गोष्ट, शंभर शब्दांत

३ जून
केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ अॅन अवर’ शतशब्दकथेत उतरवायला घेतली. १८९४ सालची ही अमेरिकी कथा जेमतेम हजार शब्दांची आहे. लुईज मॅलर्डला हृदयविकार आहे. नवरा रेल्वे अपघातात गेल्याचं कळल्यावर ती रडते, खोलीत एकटी बसते आणि आता आपण मोकळ्या झालो, हे तिला उमगतं. खाली येते तर नवरा जिवंत! ती तिथल्या तिथे मरते. डॉक्टर म्हणतात, आनंदानं गेली. खरं कारण फक्त वाचकाला ठाऊक असतं.

५ जून
कलाटणी कशावर उभी आहे ते पाहायला एकेक भाग झाकून कथा वाचली. हृदयविकार झाकला की मरण ओढूनताणून आणलेलं वाटतं. खोलीतला मोकळेपणा झाकला की डॉक्टरांचं म्हणणंच खरं ठरतं. डॉक्टर झाकले की मरण उरतं, पण जगाचा गैरसमज उरत नाही. हे तिन्ही ठेवायचेच. खिडकीबाहेरचा वसंत, चिमण्या, बातमीची खात्री करून घेणारा रिचर्ड्स हे सगळं गाळलं. ‘तासाभरात’ असंही लिहिलं नाही. ते काम शीर्षक करतं आणि शीर्षक शंभरात धरत नाहीत.

६ जून
खर्डा असा झाला :

लुईजचं हृदय नाजूक. म्हणून जोसेफिननं बहिणीला आडवळणानं सांगितलं : रेल्वेला अपघात झाला, मृतांच्या यादीत ब्रेंटलीचं नाव आहे.

लुईज बहिणीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नवरा वाईट नव्हता. त्याचे प्रेमळ हात आठवून तिला पुन्हा भरून आलं. पण त्यापलीकडची वर्षं दिसू लागली, आणि ती सगळी तिची एकटीची होती. कुणाच्या मर्जीनं वागायचं नव्हतं. मोकळी झाले, ती पुटपुटली. आपल्याला दीर्घायुष्य लाभावं, असं तिला मनापासून वाटलं.

जोसेफिनच्या हाकांनी ती बाहेर आली. दोघी जिना उतरत होत्या, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. दारात ब्रेंटली उभा होता. अपघाताची त्याला खबरही नव्हती.

जोसेफिन किंचाळली. लुईज कोसळली.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण दिलं : एवढा आनंद हृदयाला झेपला नाही.

८ जून
वहिनींनी विचारलं, “रडणं आणि प्रेमळ हात यांवर एवढे शब्द कशाला?” ती वाक्यं झाकून खर्डा त्यांना पुन्हा वाचायला दिला. त्या म्हणाल्या, “आता ही निष्ठुर वाटते. शेवट म्हणजे तिला मिळालेली शिक्षाच.” म्हणून ती वाक्यं राहतील. मूळ कथेत मोकळेपणा हळूहळू येतो, लुईज आधी त्याला थोपवू पाहते. एवढी उसंत शंभर शब्दांत मिळत नाही. तेव्हा तिचं दुःख खरं होतं, एवढं तरी आधी पटायला हवं. ते पटलं, तरच डॉक्टरांचं निदान वाचकाला तिच्यावरचा अन्याय वाटेल.