नऊ जॉब, सत्तावीस आकडे आणि एक व्हायवा

मास्टर्सच्या व्हायवाची तयारी म्हटली की बहुतेक लोक रिपोर्टचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचायला घेतात. व्याख्या, इतिहास, साहित्याचा आढावा वगैरे. बाहेरून आलेल्या परीक्षकाला मात्र त्यात फारसा रस नसतो. तो पानं उलटत थेट मेथडवर येतो आणि मग निष्कर्षांवर. मधल्या जागेत काय घसरलंय ते त्याला शोधायचं असतं.

सध्या हा विषय आमच्या रहाटणीच्या घरात गाजतोय, कारण आमचे मेहुणे. चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये नोकरी करत मेकॅनिकलचं एम.ई. करतायत. रोज नाशिक फाट्यावरून तासभर प्रवास, आल्यावर रिपोर्ट. मी सॉफ्टवेअरवाला, लेथला हातही लावलेला नाही. पण "दाजी, तुम्ही परीक्षक व्हा, काहीही विचारा" म्हटल्यावर मी काय सोडतो? :) आणि खरंच, अडाणी माणसाचे प्रश्न बरेचदा नेमके लागतात.

विषय पुण्याच्या पट्ट्यात अगदी नेहमीचा. ईएन-८ स्टीलचा जॉब सीएनसी लेथवर टर्न करायचा आणि स्पीड, फीड, डेप्थ ऑफ कट या तिघांचा पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर, म्हणजे आरएवर, काय परिणाम होतो ते पाहायचं. प्रत्येकाच्या तीन पातळ्या. सगळी कॉम्बिनेशन्स करायची तर २७ जॉब. त्याऐवजी तागुचीची एल-९ तालिका वापरून याने नऊच केले.

पहिला प्रश्न तोच. नऊच का?

"वेळ आणि मटेरियल वाचतं," तो म्हणाला. हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये 'ऑल पेअर्स' म्हणतात ना, तीच कल्पना: कुठलेही दोन घटक घ्या, त्यांच्या पातळ्यांची प्रत्येक जोडी एकदा येतेच. (या ऑर्थोगोनल तालिका १९४० च्या दशकात आपल्या सी. आर. राव यांनी मांडल्या. तागुची १९५४-५५ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन गेले होते.) पण १८ जॉब वाचवले त्याची किंमत काय? स्पीड आणि फीड मिळून काही वेगळा परिणाम करत असतील, तर तो स्वतंत्रपणे दिसत नाही. तो तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभात मिसळतो, आणि तिसऱ्या स्तंभात याने डेप्थ बसवली आहे. म्हणजे 'डेप्थचा परिणाम' म्हणून जे दिसतं त्यात या मिश्रणाचा वाटा असू शकतो. परीक्षकाने विचारायच्या आधी हे आपणच सांगावं.

दुसरा प्रश्न मला आवडलेला. रिपोर्टमध्ये २७ वाचनं आहेत. मग प्रयोग किती, २७ की ९?

प्रत्येक जॉबवर त्याने १२० अंशांवर फिरवून तीन वाचनं घेतली होती. ती चांगली सवय आहे, पण त्यातून एकाच जॉबचा पृष्ठभाग किती एकसारखा आहे एवढंच कळतं. तीच सेटिंग्ज पुन्हा लावून नवा जॉब केला तर काय येईल, ते नाही. म्हणून विश्लेषणात नऊच धरायचे. नऊ निरीक्षणांचे आठ डिग्रीज ऑफ फ्रीडम, तीन घटकांना दोन-दोन असे सहा गेले, त्रुटीला उरले फक्त दोन. आता ५ टक्क्यांच्या पातळीवर एफ-गुणोत्तर १९ च्या वर गेलं तरच परिणाम 'लक्षणीय' ठरतो. इतकी उंच उडी! तेव्हा डेप्थ 'लक्षणीय नाही' याचा अर्थ तिचा परिणाम नाही असा होत नाही. एवढ्या थोड्या जॉबांत तो दिसला नाही, एवढंच.

तिसरा प्रश्न कडू. निष्कर्ष क्रमांक एक: 'फीडचा परिणाम सर्वाधिक.' हे तर पुस्तकातही आहे की! टूलच्या नोजची त्रिज्या r आणि फीड f असेल तर:

```
Ra ≈ f² / (32 · r)
```

त्रिज्या ०.८ मिमी धरा. फीड ०.१ मिमी असेल तर ०.३९ मायक्रॉन, ०.२ ला १.५६ आणि ०.३ ला ३.५२. फीड तिप्पट, खडबडीतपणा नऊपट. मग तू नवीन काय शोधलंस? यावर तो जरा गप्प झाला. नंतर आम्ही ठरवलं की प्रत्यक्ष वाचनं या सूत्राशेजारी मांडायची. दोन्हींमधला फरक हीच त्याच्या मशीनची, टूलची आणि कंपनाची गोष्ट आहे.

आणि चौथा. जॉब कुठल्या क्रमाने केलेस?

"टेबलच्याच. एक ते नऊ."

"टूल?"

"एकच इन्सर्ट, एकच कड."

इथे आम्ही दोघंही थांबलो. एल-९ चा पहिला स्तंभ १,१,१,२,२,२,३,३,३ असा असतो, आणि त्यात याचा स्पीड आहे. म्हणजे कमी स्पीडचे तीनही जॉब ताज्या कडेवर झाले आणि जास्त स्पीडचे झिजलेल्या कडेवर. स्पीड आणि टूलची झीज एकाच दिशेने चालली, आता वेगळं कसं करणार? सॉफ्टवेअर नंतर कितीही चालवा, हे सुटत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवा होता, किंवा दर जॉबला नवी कड.

व्हायवा मंगळवारी होती. सुदैवाने वापरलेली कड मार्करने खूण करून डब्यात ठेवलेली होती आणि त्याच बारचा तुकडाही शिल्लक होता. रविवारी परवानगी काढून तो शॉपमध्ये गेला आणि पहिल्या जॉबची सेटिंग्ज दोनदा चालवली, एकदा जुन्या कडेने, एकदा नव्या. जुन्या कडेचा आरए जास्त आला, आणि फरक एकाच जॉबवरच्या वाचनांमधल्या चढउतारापेक्षा मोठा होता. एका चाचणीने सिद्ध काही होत नाही, पण दिशा कळली. स्पीड वाढवल्यावर फिनिश सुधारतं असं त्याच्या आकड्यांत होतं. झीज उलट दिशेने ओढत असेल, तर खरी सुधारणा दिसते त्याहून जास्त असण्याची शक्यता आहे.

मग दोन पानी सारांश झाला. प्रत्येक प्रश्नाखाली तीन ओळी: उत्तर, त्यामागचा आकडा, आणि हे उत्तर कुठपर्यंत खरं. शेवटच्या ओळी अशा: एकच मशीन, एकच बार, एकच नोज त्रिज्या. 'सर्वोत्तम' म्हणजे निवडलेल्या तीन पातळ्यांतलं सर्वोत्तम, त्यांच्या बाहेर काही माहीत नाही.

मंगळवारी परीक्षकांनी पहिल्या दहा मिनिटांत क्रमाचा प्रश्न विचारला. त्याने रविवारची दोन वाचनं समोर ठेवली. "मग स्पीडचा निष्कर्ष मागे घेताय?" त्यांनी विचारलं. "नाही सर. दिशा ठेवतोय, टक्केवारी काढून टाकतोय."

त्यांनी रिपोर्टमध्ये तशी दुरुस्ती करायला सांगितली आणि पान उलटलं.