पाण्याखालच्या शेतांवरचा प्रयोग आणि त्याचे भाष्य

कलाकृती किंवा प्रयोग सादर करून संशोधनपदवी मिळवायची, तर सोबत एक लेखी निबंध जोडावा लागतो. इंग्रजीत त्याला एक्झेजेसिस म्हणतात. मूळ शब्द धर्मग्रंथांच्या अर्थनिर्णयाचा. आम्ही त्याला भाष्य म्हणतो, आणि पहिली फसगत या शब्दापाशीच होते. भाष्यकार दुसऱ्याच्या ग्रंथावर बोलत असतो. भंडारदऱ्याहून खाली गेलेल्या प्रवरेच्याच काठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती गीतेवर, स्वतःच्या ओव्यांवर नव्हे. पदवीच्या निबंधात मात्र कर्ताच भाष्यकार असतो. त्यामुळे 'यातून मला हे म्हणायचे होते' असे सांगण्याचा मोह अनावर होतो. आम्हीही त्या मोहाला बळी पडलो होतो.

आमचा प्रयोग भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर होता. धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. मे महिन्यात पाणी खूप उतरते, काठाचा गाळ भेगाळतो, आणि एरवी तळाशी असलेली जमीन चालण्याजोगी होते. त्या जमिनीवरून प्रेक्षकांना चाळीस मिनिटे चालवायचे, आणि नटांनी वाटेत बुडालेल्या खाचरांची व पाऊलवाटांची नावे उच्चारायची, असा बेत होता. नावे आसपासच्या वाड्यांतून गोळा केली होती. अडचण एवढीच की बुडण्यापूर्वीची खाचरे पाहिलेले कोणी हयात नव्हते. नावे सांगणाऱ्यांनीही ती आजीकडून ऐकलेली.

निबंधाचा पहिला खर्डा चार प्रकरणांचा झाला: धरणाचा इतिहास, स्मृतीविषयीचे सिद्धान्त, रंगभूमीविषयीचे सिद्धान्त, आणि शेवटी 'प्रयोगाचा आशय'. परदेशातल्या त्या विद्यापीठाने घातलेली शब्दमर्यादा तीस हजारांची होती. पैकी एकवीस हजार शब्द पहिल्या तीन प्रकरणांतच संपले. मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, "प्रयोग झालाच नसता तर यातले कुठले प्रकरण बदलले असते?" पहिल्या तिन्हींतले एक वाक्यही बदलले नसते. चौथे प्रकरण बदलले असते खरे, पण ते प्रयोगाचा मराठीतून मराठीत अनुवाद होते. खर्डा बिघडला आहे की नाही हे ओळखायला याहून सोपी कसोटी आम्हाला अजून सापडलेली नाही.

ऑस्ट्रेलियात असे निबंध बराच काळ लिहिले जात आहेत. तिथल्या बार्बरा मिलेक आणि ॲन शिलो यांनी २००४ मध्ये त्यांचे तीन नमुने सांगितले. एकात निबंध कलाकृतीची पार्श्वभूमी देतो, दुसऱ्यात कलाकृतीवर टिप्पणी करतो, आणि तिसऱ्यात कलाकृती व निबंध एकाच संशोधनप्रश्नाचे आपापल्या भाषेत उत्तर देतात. आमच्या खर्ड्यात पहिले दोन नमुने शिवणीने जोडलेले होते. तिसऱ्यासाठी लागणारा प्रश्नच नव्हता. 'विस्थापन आणि स्मृती' हा विषय होतो, प्रश्न होत नाही. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळू नये, प्रयोग केल्यावाचून गत्यंतर नसावे. मराठीत नाटकाच्या खेळालाही 'प्रयोग' म्हणतात आणि प्रयोगशाळेतल्या खटाटोपालाही. ही सोय इंग्रजीला नाही, आणि आम्ही मात्र ती विसरलो होतो.

प्रश्न सापडला तो एका फजितीतून. एकूण तीन प्रयोग झाले. दुसऱ्यात, तेविसाव्या मिनिटाला, एका नटाने एका खाचराचे नाव घेतले आणि प्रेक्षकांतले एक म्हातारे बाबा मोठ्याने म्हणाले, "ते इथं नव्हं, त्या अंगाला!" मागून एका आजींनी बाबांनाच खोडून काढले. दोघांचा वाद चार मिनिटे चालला. नट गप्प उभे, आणि सगळे प्रेक्षक नटांकडे पाठ करून पाण्याकडे हातवारे करणाऱ्या त्या दोघांकडे पाहत राहिले. आम्ही तो भाग चित्रफितीतून कापून टाकला होता आणि पहिल्या खर्ड्यात त्याचा उल्लेखही नव्हता. वास्तविक त्या तीन प्रयोगांतून निघालेले ज्ञान तेवढेच होते. कोणीच प्रत्यक्ष न पाहिलेल्या जागेची स्मृती कथनातून उभी राहत नव्हती. चुकीचे नाव ऐकून दुरुस्ती करायला कोणी उठले की उभी राहत होती. तिसऱ्या प्रयोगात आम्ही संहितेतून सात नावे काढली आणि त्या जागी नुसते थांबलो. पाच ठिकाणी प्रेक्षक बोलले, दोन ठिकाणी कोणीच बोलले नाही.

मग निबंधाची बांधणी उलटी केली. प्रश्न पहिल्या पानावर आला: पाहणारा कोणी उरला नसताना बुडालेली जागा प्रयोगात कशाच्या आधारे उपस्थित होते? हॅमिल्टन आणि यानिस्ते यांनी २०१० मध्ये अशा निबंधांचे जे तीन सांधे दाखवले (संकल्पना, पूर्वसूरींच्या कलाकृती, स्वतःची निर्मिती) ते आम्ही ठेवले, पण समान मापाचे नाही. स्मृतीच्या सिद्धान्तांचे अकरा हजार शब्द चार हजारांवर आले. ज्या संकल्पनेने प्रयोगातला एखादा निर्णय बदलला तीच ठेवली. पूर्वसूरींच्या प्रकरणात बोहाड्याची मुखवट्यांची परंपरा घ्यावी असे फार वाटत होते, कारण परिसराचे नाते दाखवायला ती शोभून दिसली असती. पण बोहाड्याला आमचा प्रश्न पडलेला नाही, आणि त्याचे वारस असल्याचा दावा आम्ही कोणत्या तोंडाने करणार? त्याऐवजी बादल सरकारांची तिसरी रंगभूमी घेतली. प्रेक्षकाला रंगमंचाच्या चौकटीतून सोडवण्याचा खटाटोप तिथे आहे, आणि आमचा चालता प्रेक्षक कुठे वेगळा पडतो हे तिच्याशी ताडून दाखवता आले.

निम्म्याहून अधिक जागा तीन प्रयोगांना दिली. प्रत्येकाचा क्रम एकच ठेवला: आधी घेतलेला निर्णय, मग काय घडले, मग पुढच्या वेळी काय बदलले. रोजनिशीच्या तीन वह्या होत्या. त्यांतली नोंद निबंधात यायची ती तिने एखादा निर्णय हलवला असेल तरच. एरवी 'आज वारा फार होता' यालाही संशोधनाचे मोल येऊ लागते. (एकदा मात्र वाऱ्यामुळेच ध्वनिमुद्रित आवाज सोडून द्यावे लागले. ती नोंद राहिली.) दोन ठिकाणी लोक का बोलले नाहीत, याचे उत्तर देण्याचे आम्ही टाळले. प्रेक्षकांच्या मुलाखती घेण्याची परवानगी आम्ही घेतलेली नव्हती, तेव्हा त्यांच्या मनात काय होते हे लिहिण्याचा अधिकारही नव्हता. दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहिले.

एक गोष्ट फार उशिरा सुचली. परीक्षकांपैकी कोणीही भंडारदऱ्याला आलेले नव्हते. त्यांच्या हाती एका स्थिर कॅमेऱ्याची चित्रफीत आणि निबंध पडणार होता. आधी निबंध पुरा वाचला तर चित्रफीत उदाहरणादाखल उरते, आणि आधी चित्रफीत पाहिली तर तो वाद व्यत्यय वाटतो. म्हणून सुरुवातीलाच सूचना घातली: दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचावे, मग दुसऱ्या प्रयोगाची न कापलेली चित्रफीत सलग पाहावी, मग पुढे वाचावे. पुढल्या मजकुरात जिथे जिथे प्रयोगाचा आधार घेतला तिथे मिनिट आणि सेकंद दिले. कापलेला भाग परत जोडताना बाबांची आणि आजींची संमती नव्याने घेतली, आणि निबंधात त्यांची नावे दिली नाहीत.

परीक्षकांनी दुरुस्ती एकच सुचवली: वादातल्या त्या खाचराचे नाव तिसऱ्या प्रकरणात दोन तऱ्हांनी लिहिले आहे, ते एकसारखे करावे. आम्ही पुन्हा शेंडीला गेलो, तिथून रतनवाडीला. शेंडीत एक उच्चार मिळाला, रतनवाडीत दुसरा. दोन्ही तसेच ठेवले आणि खाली टीप दिली.